दोघांचा पत्त्यांचा डाव: झब्बू का फसतो आणि ‘सात-आठ’ का रंगतो?

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या या काठावर, असदगड किल्ल्याच्या आसपासच्या गल्ल्यांमध्ये उन्हाळ्याच्या रात्री घरं उशिरापर्यंत जागी असतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की दहा वाजले तरी भिंती तापलेल्याच असतात. कूलर सुरू करायचा आणि झोप येईपर्यंत मोबाइल बघायचा, हेच बहुतेक घरांत चालतं. समजा, एखाद्या नवरा-बायकोनं ठरवलं की जेवणानंतरचा एक तास फोन बाजूला ठेवायचा. मग करायचं काय? घरात पत्त्यांचा कॅट असतोच. तो निघतो, दोन दिवस झब्बू होतो, तिसऱ्या दिवशी कॅट पुन्हा खणात आणि फोन पुन्हा हातात.

असं झालं की ‘आपल्याला खेळायची आवडच नाही’ असं वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. घराघरांत खेळले जाणारे बरेचसे पत्त्यांचे खेळ चार-पाच माणसांसाठी आहेत. दोघांनी ते खेळले की त्यांतली गंमतच निघून जाते. ती कशी जाते, आणि खास दोघांसाठी असलेला ‘सात-आठ’ हा जुना खेळ त्यावर काय उपाय करतो, ते समजून घेऊ.

दोघांत झब्बू, बदाम सात का फसतात?

झब्बू किंवा बदाम सात या खेळांत सगळी ५२ पानं वाटून टाकतात. पाच जण असतील तर तुमच्याकडे दहा-अकरा पानं येतात आणि बाकीची कुणाकडे आहेत याचा अंदाज बांधावा लागतो. खेळाची मजा त्या अंदाजात असते.

दोघंच असतील तर प्रत्येकाला २६ पानं येतात. मग जे पान तुमच्याकडे नाही ते समोरच्याकडेच असणार. बदाम सातमध्ये चौकटची अठ्ठी कोण अडवून बसलंय, हा प्रश्नच उरत नाही. तुमच्याकडे नसेल तर ती समोर आहे. झाकलेलं काहीच राहत नाही, मग अंदाज कशाचा करायचा? शिवाय २६ पानं हातात धरणं हाही त्रासच.

मेंढीकोट तर जोडीदार असल्याशिवाय होतच नाही. लुडो दोघांत खेळता येतो, पण त्यात फासा जे देईल ते घ्यायचं आणि सोंगटी चालवायची. बुद्धिबळ खास दोघांचंच आहे. मात्र त्यात नशिबाला जागा नाही, त्यामुळे एक जण थोडा जरी सरस असेल तर तोच रोज जिंकतो. नवरा-बायकोत हे आठवडाभर चाललं तर हरणारं माणूस आठव्या दिवशी पटावर बसत नाही.

म्हणजे दोघांच्या खेळात दोन गोष्टी हव्यात. काही माहिती दोघांनाही नसावी, आणि नशिबाचा वाटा एवढाच असावा की कच्चा खेळाडू अधूनमधून जिंकेल, पण डोकं चालवणाऱ्याला त्याचं फळही मिळेल. सात-आठमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत.

सात-आठ: मांडणी

तीन जणांचा ‘पाच-तीन-दोन’ ज्यांनी खेळलाय त्यांना हा लगेच कळेल, कारण पानं तीच. कॅटमधून चारही रंगांच्या दुर्री ते छक्की बाजूला काढा. चौकट आणि किल्वरची सत्तीही काढा. इस्पिक आणि बदामची सत्ती मात्र ठेवायची. उरतात ३० पानं. एक्का सगळ्यांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी आणि सत्ती.

वाटणारा आधी दोघांना पाच-पाच पानं देतो. ज्यानं वाटलं नाही तो आपली पाच पानं पाहून हुकूम सांगतो. त्यानंतर प्रत्येकासमोर पाच पानं एका ओळीत पालथी ठेवतात आणि त्या प्रत्येकावर एक पान उघडं ठेवतात. म्हणजे प्रत्येकाकडे पाच पानं हातात, पाच समोर उघडी आणि त्यांच्याखाली पाच झाकलेली, अशी पंधरा.

हुकूम सांगणाऱ्यानं आठ हात करायचे आणि वाटणाऱ्यानं सात. आठ आणि सात मिळून पंधरा, म्हणून नाव सात-आठ. हुकूम ठरवायचा फायदा ज्याला, त्याच्यावर एका हाताचं जास्त ओझं. पुढच्या डावात वाटणारा बदलतो आणि भूमिकाही बदलतात.

पहिली उतारी हुकूम सांगणाऱ्याची. पान हातातलं टाका किंवा समोरचं उघडं टाका. उतारीच्या रंगाचं पान हातात किंवा उघड्यांमध्ये असेल तर तेच टाकावं लागतं. नसेल तर हुकूम मारता येतो किंवा दुसरं कुठलंही पान टाकता येतं. खालचं झाकलेलं पान उघडल्याशिवाय मोजायचं नाही. उघडं पान खेळलं की तो हात पूर्ण झाल्यावर त्याच्या खालचं पान उलटायचं. हात ज्याचा, पुढची उतारी त्याची.

इथे खेळाचं गुपित आहे. सुरुवातीला तुम्हाला तुमच्या हातातली पाच आणि दोघांसमोरची दहा, अशी १५ पानं दिसतात. न दिसणारी १५ राहतात: समोरच्याच्या हातातली पाच, त्याची झाकलेली पाच आणि तुमची स्वतःची झाकलेली पाच. निम्मा डाव दिसतो, निम्मा झाकलेला. आणि झाकलेल्यातला मोठा भाग दोघांपैकी कुणालाच माहीत नसतो. झब्बूत जे हरवतं ते इथे पालथ्या पानांच्या ओळीमुळे परत मिळतं.

एक डाव खेळून बघू

समजा, त्यानं पानं वाटली आहेत. तिच्या हातात इस्पिकचा एक्का, गुलाम आणि नव्वी, बदाम राणी आणि किल्वर अठ्ठी आली. इस्पिकची तीन पानं आहेत आणि त्यांत एक्का, म्हणून तिनं इस्पिक हुकूम सांगितला.

उरलेली पानं मांडल्यावर तिच्यासमोर इस्पिक राणी, बदाम दश्शी, चौकट एक्का, चौकट नव्वी आणि किल्वर राजा ही पानं उघडी आहेत. त्याच्यासमोर इस्पिक दश्शी, बदाम एक्का, बदाम नव्वी, चौकट राणी आणि किल्वर गुलाम.

उतारीआधी तिनं हुकूम मोजायला हवेत. इस्पिकची एकूण आठ पानं आहेत. एक्का, गुलाम, नव्वी हातात, राणी समोर आणि दश्शी त्याच्याकडे. राहिले राजा, अठ्ठी आणि सत्ती. भीती फक्त राजाची. तो न दिसणाऱ्या पंधरांपैकी कुठेही असू शकतो, आणि त्यांतली पाच पानं त्याच्या हातात आहेत. म्हणजे राजा त्याच्या हातात असण्याची शक्यता तीनात एक. तिच्याच एखाद्या पानाखाली तो असण्याची शक्यताही तेवढीच.

पहिला हात: ती इस्पिकचा एक्का टाकते. त्याला इस्पिक द्यावंच लागतं. तो समोरची दश्शी देतो. हात तिचा. दश्शीखालचं पान उलटतं आणि निघते इस्पिक अठ्ठी. आता राजा आणि सत्ती एवढेच झाकलेले हुकूम राहिले.

दुसरा हात: ती इस्पिक राणी टाकते. शक्यता तिच्या बाजूनं आहे, पण राजा नेमका त्याच्या हातात निघतो. हात त्याचा. राणीखालून तिला चौकट दश्शी मिळते.

पहिल्यांदा खेळणाऱ्याला वाटेल की राणी फुकट गेली. तसं नाही. राजा गेल्यावर तिच्या गुलामाच्या वर हुकमाचं एकही पान उरलं नाही. गुलामाखाली नव्वी आहे. समोर अठ्ठी दिसते, आणि सत्ती कुठेही असली तरी नव्वीहून लहानच. म्हणजे एक राणी देऊन दोन हात पक्के झाले. राजा लपलेला राहिला असता तर तो तिच्या एखाद्या मोठ्या पानावर ऐन वेळी पडला असता.

तिसरा हात: उतारी त्याची. तो समोरचा बदाम एक्का टाकतो. तिच्याकडे बदामची दोन पानं आहेत, हातात राणी आणि समोर दश्शी. हात जाणारच आहे, मग लहान पान द्यावं. दश्शी दिल्यानं आणखी एक फायदा होतो, तिच्या खालचं पान उघडतं. तिथे निघतो किल्वर एक्का.

आता हिशेब करा. तिचा एक हात झाला आहे. पुढे इस्पिकचा गुलाम आणि नव्वी, चौकट एक्का, किल्वरचा एक्का आणि राजा असे पाच दिसतात. एकूण सहा. तिला आठ हवेत. उरलेले दोन बदाम राणीतून, चौकटच्या दश्शी-नव्वीतून किंवा अजून झाकलेल्या तीन पानांमधून काढायचे आहेत. डाव अजून अर्धाही झालेला नाही आणि निकाल दोघांनाही माहीत नाही.

चौकट एक्क्याबद्दल एक बारकावा. त्याच्यासमोर चौकट राणी उघडी आहे तोवर त्याला चौकट द्यावंच लागेल, हुकूम मारता येणार नाही. हे तिला नुसतं पाहून कळतं. पण ती राणी दुसऱ्या एखाद्या हातात टाकली गेली आणि त्याच्याकडे चौकट उरलं नाही, तर इस्पिक अठ्ठीसारखा लहान हुकूमही तिचा एक्का खाऊन जाईल. म्हणून एक तर त्याचे हुकूम आधी काढून घ्यायचे, नाहीतर एक्का वेळेत वाजवायचा. ‘मोठं पान शेवटी’ ही सवय या खेळात महागात पडते.

हातातलं टाकावं की समोरचं?

दोन पानं सारख्याच कामाची असतील तर साधारणपणे समोरचं आधी टाकावं. त्यामुळे खालचं पान मोकळं होतं आणि हातातलं गुपितही शाबूत राहतं. जो सुरुवातीला हातातलीच पानं खर्च करतो त्याचा डाव शेवटी समोरच्याला उघड्या पुस्तकासारखा दिसतो. आणि त्याची चांगली पानं मात्र खाली अडकून पडलेली असतात.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. सात-आठ हात झाल्यावर कुणाच्या पानांखाली किती झाकलेली राहिली ते मोजा. तुमची तीन-चार आणि समोरच्याची एक-दोन असतील तर तुम्ही हातातली पानं फार लवकर संपवली आहेत.

भांडण कुठे होतं? ‘पान ओढण्या’त

सात-आठमध्ये एकाचा एक हात वाढला की दुसऱ्याचा एक कमी होतो, कारण बेरीज पंधराच. आठऐवजी दहा केले तर समोरच्याचे पाचच होतात. ज्याचे जास्त झाले तो पुढच्या डावात त्याची वसुली करतो. जेवढे हात जास्त, तेवढी पानं समोरच्याच्या हातातून न बघता ओढायची आणि प्रत्येकाच्या बदल्यात आपलं नको असलेलं पान द्यायचं.

हा नियम मजेदार आहे, पण दोघांच्या खेळाला मारक ठरू शकतो. ओढलेलं पान एक्का असेल आणि बदल्यात अठ्ठी गेली असेल तर फरक एकाच पानाचा पडत नाही. तुमचं बळ वाढतं आणि समोरच्याचं त्याच वेळी घटतं. तो पुढचा डावही हरतो, पुन्हा पानं ओढली जातात आणि तो आणखी खाली जातो. हातात पाचच पानं असताना तीन ओढली गेली तर खेळायला काय उरलं? घरोघरी ‘मला नाही खेळायचं’ हे वाक्य बहुधा याच वेळी ऐकू येतं.

यावर दोन साधे उपाय आहेत, मात्र ते पहिल्या डावाआधी ठरवायला हवेत. एक, कितीही हात जास्त झाले तरी एका डावात दोनच पानं ओढायची. दोन, ओढणं पूर्ण बंद ठेवून फक्त हिशेब लिहायचा. जास्तीच्या हाताला अधिक एक, कमी पडलेल्याला वजा एक, आणि दहा डावांची बेरीज. दहा अशासाठी की दोघांनाही पाच-पाच वेळा हुकूम सांगायला मिळतो. पानं ओढायची असतील तर ती हुकूम सांगण्याआधी की नंतर, हेही ठरवून घ्या. ही पद्धत घरागणिक बदलते आणि माहेरची पद्धत व सासरची पद्धत यावरून वाद व्हायला वेळ लागत नाही.

एक जण खूपच सरस असेल तर त्यानं मुद्दाम हरू नये. ते लगेच कळतं आणि जास्त लागतं. त्यापेक्षा त्यानं हातातलं एक पान, समोरचा सांगेल ते, उघडं ठेवून खेळावं. दोघांचं जमू लागलं की ही सवलत काढून टाकायची.

पत्त्यांचा कंटाळा आला तर: नवकंकरी

अधूनमधून पट हवा असेल तर नवकंकरी फरशीवर खडूनं आखता येते. एकात एक असे तीन चौकोन काढा आणि चारही बाजूंचे मध्य रेघांनी जोडा. सगळ्यांत आतला चौकोन मोकळा राहतो. कोपरे आणि बाजूंचे मध्य मिळून २४ ठिकाणं होतात. एकानं नऊ हरभरे घ्यायचे आणि दुसऱ्यानं नऊ तुरीचे दाणे.

आळीपाळीनं एकेक दाणा ठेवायचा. सगळे ठेवून झाले की रेघेवरून शेजारच्या रिकाम्या जागी एकेक घर सरकवायचं. एका रेघेवर तीन आले की समोरच्याचा एक दाणा उचलायचा, शक्यतो जुळलेल्या तिनांतला नाही. ज्याचे दोनच दाणे उरले किंवा ज्याला सरकायला जागा नाही, तो हरला.

नवशिके आधी कोपरे पकडतात. ती चूक आहे, कारण कोपऱ्यातून फक्त दोन दिशांना जाता येतं. मधल्या चौकोनाच्या बाजूंचे चार मध्य मात्र असे आहेत की तिथून चारही दिशा मोकळ्या असतात. तिथले दाणे सहसा कोंडले जात नाहीत. या खेळात लपलेलं काही नाही. १९९३ मध्ये राल्फ गॅसर या संशोधकानं संगणकावर तो पूर्ण सोडवला आणि दोघांनीही अचूक खेळ केला तर बरोबरीच होते, हे दाखवलं. घरी अचूक कुणी खेळत नाही, म्हणून तो चालतो. पण बुद्धिबळाची अडचण इथेही आहे: सरस खेळाडू सारखा जिंकतो. म्हणून रोजच्यासाठी सात-आठ आणि बदल म्हणून नवकंकरी, ही जोडी बरी.

विकत घ्यायचा असेल तर

आज खास दोघांसाठी बनवलेले खेळही मिळतात. २००९ मध्ये आलेला ‘जयपूर’ त्यांतला एक. यात दोन व्यापारी मालाची पानं जमवून विकतात. दोघांमध्ये पाच पानांचा बाजार उघडा असतो आणि प्रत्येकाच्या हातातला माल समोरच्याला दिसत नाही. म्हणजे युक्ती तीच, थोडं उघडं आणि थोडं झाकलेलं. खोक्यावर ‘२ ते ६ खेळाडू’ लिहिलेला खेळ घेण्याआधी हीच गोष्ट तपासा. दोघंच असताना समोरच्याबद्दल न कळणारं काही उरतं का? उरत नसेल तर तो खेळ पाहुणे आल्यावरच निघेल.

बसायच्या आधी

सात-आठमध्ये पानं जमिनीवर मांडलेली असतात, त्यामुळे कूलरच्या झोतात बसू नका. एक पालथं पान उडून सरळ झालं की डाव बाद. घामानं कागदी पानं चिकटतात आणि कोपरे दुमडतात. कोपरा दुमडलेला एक्का पालथा असला तरी ओळखू येतो आणि झाकलेल्या पानांचा अर्थच जातो. उन्हाळ्यात प्लास्टिकची पानं घ्या, ओल्या फडक्यानं पुसताही येतात. काढून ठेवलेली २२ पानं रबर लावून त्याच डबीत ठेवा, नाहीतर पाहुणे आल्यावर मेंढीकोटला कॅट अपुरा पडेल. आणि हिशेब वहीत लिहा. तो मोबाइलमध्ये लिहायला घेतला तर फोन पुन्हा हातात येईल आणि पुढचा डाव राहून जाईल.